कोन नेमका कोणत्या कंसाचा?

दहावीच्या भूमितीत वर्तुळावरचे कोन काढताना आकडेमोड बहुधा बरोबर असते. चुकतो तो कंस. केंद्राशी 130° दिसले की त्याचे निम्मे 65° लिहिले जाते, आणि 130 चे निम्मे 65 हे खोटे नाही. म्हणून उत्तर पुन्हा तपासणारा तोच भागाकार पुन्हा करतो, पुन्हा 65 येतात आणि तो समाधानाने पुढे जातो. माझ्या मते ही तपासणी नव्हेच. वर्तुळातल्या कोनाचे उत्तर तपासायचे म्हणजे आधी त्या कोनाने अंतर्खंडित केलेला कंस कोणता हे ठरवायचे, आणि मग ज्या प्रमेयाने उत्तर काढले त्याचा आधार न घेता त्याच उत्तरापर्यंत पोहोचून पाहायचे.

एक उदाहरण घेऊ. वर्तुळाचे केंद्र O आहे, ∠AOB = 130° आहे आणि C हा बिंदू लघुकंस AB वर आहे; ∠ACB काढायचा आहे. अंतर्लिखित कोनाचा शिरोबिंदू ज्या कंसावर असतो, तो कंस त्या कोनाचा अंतर्खंडित कंस नसतो. त्याच्या समोरचा असतो. C लघुकंसावर असल्यामुळे ∠ACB ने विशालकंस अंतर्खंडित केला आहे. त्याचे माप 360 − 130 = 230°, म्हणून ∠ACB = 115°. इथे 65° चुकीचे आहे हे आकडा न काढताही कळते. लघुकंसावरचा शिरोबिंदू जीवेच्या टोकांना जोडला की कोन नेहमी विशालकोन होतो, विशालकंसावरचा जोडला की लघुकोन. एवढी एक नजर टाकली तरी ही चूक सुटत नाही.

पण कोन विशाल की लघु एवढ्याने 115 ऐवजी 125 लिहिलेले पकडता येणार नाही. त्यासाठी OC त्रिज्या काढावी. OA, OB, OC या तिन्ही त्रिज्या समान, त्यामुळे OAC आणि OBC हे त्रिकोण समद्विभुज. म्हणजे ∠OAC = ∠OCA आणि ∠OBC = ∠OCB. A आणि B पाशी असलेल्या कोनांची बेरीज ∠ACB एवढीच भरते. OACB या चौकोनाचे कोन मिळून 360° व्हायला हवेत: 130 + 115 + 115 = 360. उत्तर 65° धरले तर बेरीज 260 भरते आणि शंभर अंश गायब होतात. या पडताळणीत अंतर्लिखित कोनाचे प्रमेय कुठेच वापरलेले नाही, म्हणून तिची साक्ष खरी.

यावर कोणी म्हणेल की त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180° आली की पुरे, एवढा खटाटोप कशाला? ती बेरीज साक्ष देते, पण तिन्ही कोन वेगवेगळ्या वाटेने काढलेले असतील तरच. तिसरा कोन 180 मधून वजा करूनच काढला असेल, तर उत्तर कितीही चुकीचे असो, बेरीज जुळणारच. दुसरा आक्षेप असा की कच्च्या आकृतीवर विसंबता येत नाही. मापांच्या बाबतीत हे खरे आहे, त्यामुळे कोनमापक लावून उत्तर तपासणे व्यर्थ. मात्र वर्तुळावर बिंदू कोणत्या क्रमाने आहेत आणि कोणता बिंदू जीवेच्या कोणत्या बाजूला आहे, हे कच्ची आकृतीही बरोबर सांगते, आणि कंस ठरवायला नेमके तेवढेच लागते. आकृती नसेल आणि C कोणत्या कंसावर आहे हेही दिले नसेल, तर 65° आणि 115° ही दोन्ही उत्तरे लिहायला हवीत.

एकाच कंसातल्या कोनांतही हाच घोटाळा होतो. ABCD या चक्रीय चौकोनाचे कर्ण E मध्ये छेदतात, ∠BAC = 35° आणि ∠AED = 100° आहे. ∠BDC = 35° हे बरोबर; पण घाईत ∠ACD सुद्धा 35° लिहिला जातो, कारण तो आकृतीत ∠BAC च्या व्युत्क्रम कोनासारखा दिसतो. कोनाच्या नावातले मधले अक्षर झाकून पाहावे. BAC आणि BDC मध्ये B, C उरतात, ACD मध्ये A, D उरतात. म्हणजे कंसच वेगळा. अक्षरे जुळली तरी दोन्ही शिरोबिंदू जीवेच्या एकाच बाजूला हवेत. विरुद्ध बाजूंना असतील तर कोन समान असतीलच असे नाही, त्यांची बेरीज 180° असते. आता त्रिकोण DEC मध्ये ∠DEC = 80°, ∠EDC = 35°, म्हणून ∠ACD = 65°. त्रिकोण AEB मधून ∠ABD सुद्धा 65° येतो, आणि या दोन्ही कोनांचा अंतर्खंडित कंस AD हा एकच आहे. दोन वेगळ्या त्रिकोणांतून आलेले आकडे जुळले.

म्हणून उत्तरपत्रिकेत कारण लिहिताना ‘एकाच कंसातील कोन’ एवढ्यावर थांबू नये, कंसाचे नावही लिहावे. नाव लिहायला बसले की कंस निवडावाच लागतो, आणि चुकीचा कंस निवडला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.