सूटवरही आणि स्वेटरवरही

मराठीत एक गोची आहे. सूटच्या वरच्या भागालाही आपण कोट म्हणतो आणि थंडीत त्याच्यावर चढवायच्या जाड लोकरी कपड्यालाही कोटच म्हणतो. पुण्या-मुंबईत त्याने काही बिघडत नाही, कारण दुसऱ्याची गरजच पडत नाही. नोकरीसाठी लंडनला जाणाऱ्याचं मात्र तिथेच चुकतं. माझं चुकलं होतं. जुलैत, अंगात टी-शर्ट असताना, इथल्याच एका दुकानात मी झकास बसणारा ओव्हरकोट घेतला. नोव्हेंबरात लंडनला तो सूटवर घातला, तेव्हा सूटचा कोट खालून चांगला दोन बोटं बाहेर डोकावत होता आणि वरची बटणं लावली की श्वास घ्यायची पंचाईत. हिवाळाभर मी तो उघडाच घालून हिंडलो, म्हणजे ज्यासाठी घेतला तेवढं सोडून बाकी सगळं त्याने केलं.

यंदा भाचा तिकडे निघाला. आठवड्यातून दोन दिवस सूट, उरलेले दिवस जीन्स आणि स्वेटर. दोन ओव्हरकोट घेण्याइतके पैसे नाहीत, बॅगेत तेवढी जागाही नाही. एकाच कोटात भागवायचं, तर आधी लांबी ठरवावी लागते.

भाच्याची उंची पाच फूट सात इंच. त्याच्या सूटच्या कोटाची लांबी, पाठीमागे कॉलरच्या खालच्या शिवणीपासून काठापर्यंत, एकोणतीस इंच. ओव्हरकोटाचा पहिला नियम एवढाच, की सूटचा काठ पूर्ण झाकला गेला पाहिजे, आणि तोही चालताना, हात वर करताना. म्हणजे निदान तीन-चार इंच जास्त हवेत. खलाशांच्या धर्तीचा आखूड पी-कोट इथेच बाद होतो. तो जेमतेम कमरेखाली येतो, जीन्सवर रुबाबदार दिसतो, पण सूटवर घातला तर खालून झालर लावल्यासारखं दिसतं.

दुसऱ्या टोकाला गुडघ्याखाली जाणारा लांब कोट. ऊब त्यात सर्वांत जास्त, आणि सूटवर तो शोभतोही. पण जीन्स आणि बुटांवर तोच कोट नाटकातल्या वकिलासारखा दिसतो, जिना चढताना पायात येतो आणि बसमध्ये बसलं की शेजाऱ्याच्या मांडीवर पसरतो. मधली जागा म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या किंचित वर. भाच्याच्या उंचीला ती सदतीस इंचांच्या आसपास येते. सूट आठ इंचांनी झाकला जातो आणि जीन्सचा पायही पुरेसा दिसतो. चौतीस इंचांचा कोटही चालला असता, तो मांडीच्या मध्यावर येतो आणि गाडी चालवणाऱ्याला सोयीचा पडतो. पण लंडनच्या वाऱ्यात चालत स्टेशन गाठणाऱ्याला तीन इंच जास्त असलेले बरे.

लांब कोट घेऊन नंतर कापून घेऊ, हा विचार फारसा चालत नाही. दोनेक इंच कमी करता येतात. त्याहून जास्त कापले, तर खिसे काठाच्या फार जवळ येतात आणि पाठीमागची चीर तोकडी पडते. बुटक्या माणसाने म्हणूनच लेबलावर ‘शॉर्ट’ लिहिलेला कोट शोधावा. त्यात खिसे आणि बटणं मुळातच वर बसवलेली असतात.

लांबी डोळ्यांना दिसते, फिटिंग मात्र फसवतं. भाच्याची छाती अडतीस इंच. सूटचा कोट बाहेरून मोजला तर बेचाळीस, कारण शिंप्याने चार इंच लूझिंग ठेवलेलं असतं. त्यावर चढणारा ओव्हरकोट छातीत शेहेचाळीसच्या आसपास हवा. कोट बटणं लावून टेबलावर पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरा, तेवीस इंच भरले पाहिजेत. इथे लेबल घोटाळा करतं. सूट शिवणाऱ्या कंपन्यांच्या ओव्हरकोटावर ३८ लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘३८चा सूट घालणाऱ्या माणसासाठी’ असा असतो, वरची जागा त्यात धरलेली असते. घाबरून चाळीसचा घेतला की तंबू होतो. उलट फॅशनच्या दुकानातला ‘मीडियम’ बऱ्याचदा शर्टावर घालण्यासाठी बेतलेला असतो. माझा तसाच होता.

पण खरी अडचण खांद्यांची. सूटच्या खांद्यात पॅडिंग असतं, स्वेटरच्या खांद्यात नसतं. नेहमीच्या, खांद्याच्या टोकावर बाही जोडलेल्या ओव्हरकोटाचा खांदा सूटच्या खांद्याहून थोडा, सेंटिमीटरभर, पुढे जावा लागतो. तो कमी पडला तर सूटचं पॅडिंग आतून टेकू देतं आणि बाहीवर टेंगूळ येतं. आणि सूटला बरोबर बसलेला तोच खांदा स्वेटरवर पोकळ राहतो, त्याच्याखाली खळगा पडतो. शिंप्याकडे नेऊन खांदा दुरुस्त करता येईल, पण त्यासाठी जवळजवळ अख्खा कोट उसवावा लागतो. एवढी मजुरी देण्यापेक्षा नवा कोट घ्यावा.

यावर उपाय रॅग्लन बाहीचा. तिची शिवण खांद्याच्या टोकावर येतच नाही, गळ्यापासून तिरकी काखेत उतरते. त्यामुळे आत सूटचा कडक खांदा असो की स्वेटरचा उतरता, कापड त्याच्यावरून सरळ ओघळतं. हे नाव लॉर्ड रॅग्लन या ब्रिटिश सेनापतीवरून पडलं. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. या बाहीचा मुंढाही सैल असतो, म्हणून सूटची बाही आत गोळा होत नाही. अशा एकेरी बटणपट्टीच्या, साध्या कॉलरच्या कोटाला बाल्मकान म्हणतात. सूटवर तो मखमली कॉलरच्या चेस्टरफील्डइतका काटेकोर दिसत नाही, हे मान्य. पण चेस्टरफील्ड स्वेटरवर जितका विचित्र दिसतो, तितका हा कुठेच दिसत नाही. दोन्हीकडे चालवायचा एकच कोट घ्यायचा, तर माझं मत रॅग्लनलाच. रंग राखाडी किंवा नेव्ही घ्या, त्यात फार डोकं घालवू नका.

भाच्याला दुकानात मी चार गोष्टी करायला लावल्या. सूटचा कोट अंगात ठेवूनच ओव्हरकोट चढवला आणि सगळी बटणं लावली. पोटावरच्या बटणापासून फुलीसारख्या सुरकुत्या निघाल्या तर तो घट्ट. मग दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारली. पाठीवर आडवा ताण आला, तर बसमधली दांडी धरताना रोज येणार. बाही अंगठ्याच्या मुळाशी संपते का आणि शर्टाचा कफ झाकला जातो का, ते पाहिलं. शेवटी सूट काढून नुसत्या स्वेटरवर तोच कोट घातला. कमरेपाशी थोडा सैल होता, तो असणारच. बाही अर्धा इंच लांब वाटली, पण बाही कमी करणं शिंप्याला सोपं असतं.

कोट पाठीमागच्या चिरेवर फुलीचा कच्चा टाका घेऊन येतो. तो घालण्याआधी काढायचा असतो. लंडनमध्ये तो तसाच ठेवून फिरणारे बरेच दिसतात.

हे गणित लंडनचं, जिथे हिवाळ्यातला नेहमीचा दिवस पाच-सात अंशांचा असतो. शिकागो किंवा टोरांटोला, उणे पंधराला, लोकरी ओव्हरकोट पुरत नाही. तिथे पिसं भरलेला पार्का लागतो. त्याला लांबीचा नियम मात्र हाच, सूटचा काठ झाकला पाहिजे. कुठेही निघालात तरी खरेदीला जाताना सूटचा कोट आणि सर्वांत जाड स्वेटर पिशवीत घालून न्या.