चार पत्त्यांत चोवीस

पत्त्यांच्या कॅटमधून चित्रांची पाने बाजूला काढायची. एक्क्याला एक धरायचे आणि उरलेल्यांतून चार पाने मांडायची. प्रत्येक पान एकदाच वापरून, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून आणि हवे तिथे कंस घालून 24 आणायचे. खेळ एवढाच. चीनमध्ये, विशेषतः शांघायकडे, तो साध्या पत्त्यांवर खूप खेळला जातो. शांघायमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट सन यांनी 1988 मध्ये अमेरिकेत त्याची छापील कार्डे काढली आणि तिथल्या शाळांमध्येही तो पोचला.

चोवीसच का, याचे उत्तर पाढ्यांत आहे. 24 ला 1, 2, 3, 4, 6, 8, 12 आणि 24 असे आठ अवयव आहेत, आणि इतके अवयव असलेली त्याहून लहान संख्या नाही. त्यामुळे आठ त्रिक, सहा चोक, बारा दुणे अशा वाटा आयत्या मिळतात. मुरलेला खेळाडू पाने पडताच आधी याच वाटा पाहतो. हातात आठ असेल तर उरलेल्या तीन पानांतून तीन निघतात का? सहा असेल तर चार निघतात का? बऱ्याच डावांत उत्तर इथेच हाती लागते.

पण 2, 7, 8, 9 घ्या. आठ आहे, म्हणून 2, 7, 9 मधून 3 काढायला जावे, तर निघत नाही. दोन आहे, म्हणून 7, 8, 9 मधून 12 काढायला जावे, तर तेही नाही. इथे बहुतेक जण पाने इकडून तिकडे फिरवत बसतात आणि तेच हिशेब पुन्हा पुन्हा करतात. डोके चालत नाही असे वाटते, पण खरी अडचण वेगळीच असते. काय तपासून झाले आणि काय राहिले, याची नोंदच कुठे नसते.

ती ठेवायची सोपी रीत म्हणजे शेवटची क्रिया आधी ठरवणे. उत्तर कसेही असो, शेवटच्या पायरीला दोनच संख्या उरतात. त्या कुठून आल्या? एक तर एका बाजूला एकटे पान आणि दुसऱ्या बाजूला तीन पानांचा हिशेब, किंवा दोन्ही बाजूंना दोन-दोन पाने. एकटे पान चार तऱ्हांनी निवडता येते आणि दोन-दोनच्या वाटण्या तीन होतात. म्हणजे तपासायच्या वाटण्या सातच.

एकटे पान ठरले की उरलेल्या तिघांकडून काय हवे तेही ठरते. पान आठचे असेल, तर बेरजेसाठी 16 हवेत, वजाबाकीसाठी 32, गुणाकारासाठी 3. भागाकार दोन्ही बाजूंनी होऊ शकतो: 192 भागिले 8, किंवा 8 भागिले एक तृतीयांश. बस्स, पाचच मागण्या. सहावी मागणी उणे संख्येची असते, पण तिथे वजाबाकी उलटी फिरवली की 16 ची मागणीच परत येते. अवयवांच्या जोड्या पाहणारा माणूस या पाचांतली एकच मागणी तपासत असतो.

आता 2, 7, 8, 9 कडे वळू. आठ एकटा ठेवला, तर 2, 7, 9 मधून 16 किंवा 32 निघतात का? सात आणि नऊ सोळा होतात, पण दोन शिल्लक राहतो. त्याच दोनने गुणले की 32. उत्तर मिळाले: (7 + 9) × 2 − 8 = 24. 32 हा आकडा सहसा डोक्यात येत नाही, कारण तो 24 च्या पाढ्यात नाही. मागण्यांच्या यादीत मात्र तो आधीपासून होता.

या रीतीचा खरा कस लागतो 3, 3, 8, 8 या डावात. दिसायला सोपा, कारण आठ त्रिक चोवीस समोरच आहे. पण ते जुळवल्यावर उरलेल्या 3 आणि 8 मधून 0 किंवा 1 काढावा लागतो, आणि तो निघत नाही. मग ओळीने जाऊ. आधी दोन-दोन पाने. दोन तिऱ्यांतून 6, 0, 9, 1 मिळतात आणि दोन अठ्ठ्यांतून 16, 0, 64, 1. यांतून 22 मिळतात, 25 मिळतात, 24 नाही. तिर्री-अठ्ठीच्या दोन जोड्या केल्या तरी प्रत्येकीतून 11, 5, 24 किंवा दोन अपूर्णांक निघतात, आणि त्यांतूनही 24 जुळत नाही.

मग आठ एकटा ठेवू. 3, 3, 8 कडे मागणी आहे 16, 32, 3, 192 किंवा एक तृतीयांश यांची. पहिल्या चार आकड्यांपैकी एकही निघत नाही. राहिला एक तृतीयांश. तो आणायचा तर कुठे तरी तीनने भागायला हवे, म्हणून आठला तीनने भागू. दोन पूर्णांक दोन तृतीयांश आले. ते तीनमधून वजा केले की उरतो नेमका एक तृतीयांश! म्हणून 8 ÷ (3 − 8 ÷ 3) = 24. या पानांचे हे एकच उत्तर आहे. मधल्या पायरीवर अपूर्णांक येऊ देण्याची तयारी नसेल, तर ते सापडणार नाही.

संगणकालाही हाच डाव फसवतो. त्याची रीत सरळ असते. चारांतली दोन पाने निवडायची, त्यांचे सहा संभाव्य निकाल काढायचे, उरलेल्या तीन संख्यांवर तेच करायचे आणि मग उरलेल्या दोनांवर. सगळे मार्ग मिळून 36 × 18 × 6, म्हणजे 3888 होतात. संगणकाला ते काहीच नाही. पण प्रोग्रॅम दशांशात हिशेब करत असेल, तर 8 ÷ 3 चे शेवटचे अंक छाटले जातात आणि शेवटी 24 ऐवजी 23.99999999999999 येते. हे 24 नव्हे, असे म्हणून प्रोग्रॅम ‘उत्तर नाही’ असे सांगून मोकळा होतो. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम पारखायला म्हणूनच 3, 3, 8, 8 हा डाव उत्तम. अंश आणि छेद वेगवेगळे ठेवून हिशेब केला की ही चूक होत नाही.

काही डावांना खरोखरच उत्तर नसते. एक ते दहा या आकड्यांचे चार-चारचे 715 वेगवेगळे गट होतात. त्यांतले 566 सुटतात, 149 सुटत नाहीत. 1, 1, 1, 1 मधून चारच्या वर जाताच येत नाही, हे लगेच कळते. पण 1, 6, 7, 8 मध्ये सहाही आहे आणि आठही, तरी उत्तर नाही. नुसत्या डोळ्यांना ते सांगता येत नाही. सातही वाटण्या तपासून झाल्यावरच ‘नाही’ असे खात्रीने म्हणता येते. शांघायचा खेळ असो की घरचा, उत्तर नाही असे सगळ्यांनी मान्य केले की पाने बदलायची.

आता तुमच्यासाठी एक डाव: 1, 3, 4, 6. सहा चोकच्या मागे लागू नका. सहाला एकटे ठेवा आणि त्याच्या पाच मागण्यांपैकी सगळ्यांत लहान मागणी आधी पाहा.