मध्यरात्रीचा थांबा

रात्री १० वाजून ४० मिनिटांनी पाळीवर आलेला सुरक्षारक्षक सकाळी सव्वासहाला सुटतो. हजेरीच्या वहीत त्याने दोन आकडे लिहिलेले असतात : २२:४० आणि ०६:१५. महिनाअखेरीला कुणीतरी हा हिशेब करायला बसतो आणि पहिल्याच ओळीला अडखळतो. सहातून बावीस कसे वजा करायचे?

घाईत बहुतेक जण मोठ्या आकड्यातून लहान वजा करून मोकळे होतात. २२:४० मधून ०६:१५ गेले, उरले १६ तास २५ मिनिटे. इतकी लांब पाळी कुणी केलेली नाही, हे लगेच कळते. पण हे उत्तर निरर्थकही नाही. सकाळी सव्वासहापासून रात्री १०:४० पर्यंतचा, म्हणजे तो रक्षक कामावर नसतानाचा हा वेळ आहे. दिवसाच्या २४ तासांतून तो काढला की उरतात ७ तास ३५ मिनिटे. खरे उत्तर तेच. उलट वजाबाकी झालीच, तर ती खोडून टाकण्याआधी २४ मधून वजा करून पाहावी.

तरीही नवशिक्याने सुरुवात दुसरीकडून करावी. मध्यरात्र हे वाटेतले एक स्थानक समजावे आणि तिथे थांबावे. २२:४० पासून रात्री बारापर्यंत किती? अकराला २० मिनिटे, पुढे एक तास; झाला १ तास २० मिनिटे. बारापासून सव्वासहापर्यंत ६ तास १५ मिनिटे, आणि हे वेगळे मोजावेच लागत नाहीत, कारण मध्यरात्रीनंतरची वेळ २४ तासांच्या घड्याळात स्वतःच किती वेळ गेला ते सांगते. दोन्हींची बेरीज ७ तास ३५ मिनिटे. या रीतीत हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून ती तोंडी हिशेबाला सर्वांत सुरक्षित.

कागदावर मांडून करायचे असेल, तर पहाटेच्या वेळेत २४ मिळवावेत. ०६:१५ चे ३०:१५ झाले. आता ३० मधून २२ सहज जातात, पण १५ मधून ४० जात नाहीत. इथे एक तास मोडायचा, आणि तो ६० मिनिटांचा : ३०:१५ म्हणजेच २९:७५. त्यातून २२:४० गेले, ७:३५ उरले.

खरा घोटाळा या मोडलेल्या तासातच होतो. शाळेत हातचा नेहमी दहाचा घेतलेला असतो आणि कॅल्क्युलेटरलाही तेवढेच कळते. त्यावर ३०.१५ वजा २२.४० केले, तर ७.७५ येते. ७५ मिनिटे घड्याळात नसतात, त्यामुळे चूक पकडली जाते. पण रक्षक २२:५५ ला आला आणि ०६:०५ ला सुटला असे समजा. कॅल्क्युलेटर म्हणतो ७.५०. हा आकडा अगदी साळसूद दिसतो, ‘साडेसात तास’ म्हणूनही वाचला जातो. मध्यरात्रीच्या थांब्याने मोजले, तर १ तास ५ मिनिटे आणि ६ तास ५ मिनिटे मिळून होतात ७ तास १० मिनिटे.

दोन्ही उदाहरणांत कॅल्क्युलेटरचे उत्तर बरोबर ४० मिनिटांनी जास्त आहे, आणि हा योगायोग नाही. त्याने तास मोडताना ६० ऐवजी १०० घेतले. फरक ४० चा. खरी मिनिटे २० किंवा जास्त असतील, तर त्यांत ४० मिळून आकडा साठीला पोचतो किंवा ओलांडतो आणि डोळ्यांत भरतो. ती २० पेक्षा कमी असतील, तर चूक लपून राहते. म्हणून सुटण्याची मिनिटे येण्याच्या मिनिटांपेक्षा कमी असतील, तेव्हा कॅल्क्युलेटरच्या तासमिनिटांवर विश्वास ठेवू नये. त्यावर हिशेब करायचाच, तर आधी सगळ्याची मिनिटे करावीत : ३० तास ५ मिनिटे म्हणजे १८०५, आणि २२ तास ५५ मिनिटे म्हणजे १३७५. फरक ४३० मिनिटांचा, म्हणजे ७ तास १० मिनिटे.

हजेरी संगणकावर, एक्सेलमध्ये ठेवली असेल तर? येण्याची वेळ A2 मध्ये आणि सुटण्याची B2 मध्ये असताना साधी वजाबाकी केली, की चौकटीत नुसते #### दिसते. एक्सेल पूर्ण दिवसाला १ मानतो आणि वेळ त्याचा अपूर्णांक म्हणून साठवतो. इथे उत्तर शून्याच्या खाली गेलेले असते. त्यात एक दिवस मिळवण्याचे काम पुढचे सूत्र करते :

```
=MOD(B2-A2,1)
```

अशा ७ तास ३५ मिनिटांच्या सहा पाळ्यांची बेरीज ४५ तास ३० मिनिटे होते, पण नेहमीच्या वेळेच्या चौकटीत ती २१:३० अशी दिसते. मधला एक पूर्ण दिवस चौकट दाखवत नाही. बेरजेच्या चौकटीला `[h]:mm` हे स्वरूप दिले की ४५:३० दिसू लागते. सूत्राला मर्यादाही आहे. नुसत्या वेळांवरून एक मध्यरात्र ओलांडली की दोन, हे त्याला कळू शकत नाही. काम २४ तासांवर गेले असेल, तर वेळेबरोबर तारीखही लिहिलेली हवी.

बेरजेत हीच तारीख जास्त फसवते. रात्री २१:५० ला निघालेली गाडी ११ तास २५ मिनिटांनी पोचणार असेल, तर तास आणि मिनिटे वेगवेगळी मिळवावीत : ३२ तास ७५ मिनिटे. ७५ मधून ६० काढून एक तास पुढे दिला, की ३३:१५. त्यातून २४ काढले, की ०९:१५. ते २४ काढताच तारखेत एक दिवस मिळवायचा. दोन्ही कामे एकाच दमात केली, तर विसरायला जागा राहत नाही.

मराठी बोलण्यात रात्र आदल्या दिवसाचीच असते. ‘१४ तारखेच्या रात्री साडेबाराला’ असे आपण सहज म्हणतो, आणि पंचांगातला वारही सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. रेल्वेचे वेळापत्रक मात्र २४ तासांच्या घड्याळावर आणि मध्यरात्री बदलणाऱ्या तारखेवर चालते. तिकिटावर १५ ऑगस्ट, ००:२० असे असेल, तर ती गाडी १४ ऑगस्टच्या रात्रीची जेवणे आटोपल्यावर निघते. १५ च्या रात्री बॅगा घेऊन फलाटावर जाणाऱ्याची गाडी जवळजवळ २४ तास आधीच गेलेली असते.

अशा तिकिटासाठी उलटी वजाबाकी आधीच करून ठेवावी. घरातून पावणेदोन तास आधी निघायचे असेल, तर ००:२० ला आदल्या दिवसाच्या भाषेत २४:२० म्हणावे, एक तास मोडून २३:८० करावे आणि त्यातून १:४५ काढावेत. उत्तर २२:३५ येते. ते कॅलेंडरवर १४ तारखेच्या चौकटीत लिहावे.