पेपरनंतरचा फोन आणि संशोधनाचा प्रश्न

‘सोशल मीडियाचा विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या ताणावर होणारा परिणाम : एक अभ्यास.’ एम.ए. मानसशास्त्राच्या किंवा एम.एड.च्या वर्गात संशोधन प्रकल्पासाठी विषय मागितले की या धाटणीचं शीर्षक हमखास येतं. विषय सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे होकारही चटकन मिळतो. काही महिन्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा हाती येतो आणि त्यातून नेमकं काय सिद्ध झालं, हे मात्र धडपणे सांगता येत नाही. गडबड शीर्षकातच झालेली असते.

मार्गदर्शक सांगतात, ‘विषय मर्यादित करा.’ मग शीर्षकात गाव येतं, इयत्ता येते, वर्ष येतं : ‘सातारा शहरातील बारावीच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या ताणावर सोशल मीडियाचा होणारा परिणाम.’ शीर्षक लांबलं, पण प्रश्न होता तेवढाच रुंद राहिला. कुणाला विचारायचं एवढंच ठरलं, काय विचारायचं ते अजून ठरलेलंच नाही. ‘सोशल मीडिया’, ‘ताण’ आणि ‘परिणाम’ हे तिन्ही शब्द तसेच सैल आहेत. त्यांना एकेक करून हात घालायला हवा.

पहिला शब्द सोशल मीडिया. बारावीतली एखादी मुलगी संध्याकाळी दोन तास फोनवर असते. त्यातला अर्धा तास टेलिग्रामवर आलेल्या नोट्स चाळण्यात जातो, काही वेळ मैत्रिणीशी चॅट, काही वेळ रील्स आणि शेवटी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तुझं किती पाठांतर झालं?’ हा सिलसिला. यातल्या एका गोष्टीने तिचा जीव थोडा हलका होत असेल, दुसरीने धडधड वाढत असेल. आपण ‘रोज किती तास?’ एवढंच विचारलं तर हे सगळं एका आकड्यात ओतलं जातं आणि उलटसुलट परिणाम एकमेकांना पुसून टाकू शकतात. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी 2019 साली साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, तेव्हा मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त 0.4 टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता आला. एवढा मोठा अभ्यास करूनही सरसकट वापराबद्दल विचारलं की उत्तर असं पुसट येतं. एका कॉलेजातल्या शंभर मुलांकडून याहून स्पष्ट काही निघेल, अशी अपेक्षा ठेवणं व्यर्थ आहे.

म्हणून तासांऐवजी एखादी कृती निवडावी. मी इथे एक निवडते : पेपर सुटल्यावर ग्रुपवर उत्तरं ताडून पाहणं. पेपर संपून अर्धा तास होत नाही तोच कुणीतरी प्रश्नपत्रिकेचा फोटो टाकतं, कुणी उत्तरं टाकतं, ‘तिसऱ्याचं उत्तर बारा आलं का?’ सुरू होतं. दोन दिवसांनी पुढचा पेपर असतो. या कृतीला सुरुवात आहे, शेवट आहे, ती घडली की नाही हे विद्यार्थ्याला नेमकं आठवतं आणि तिचा परीक्षेशी थेट संबंध आहे.

काही जण ‘वापर’ऐवजी ‘अतिवापर’ किंवा ‘व्यसन’ घेतात आणि त्यासाठी तयार मापनश्रेणी शोधतात. तिथे एक छुपा खड्डा आहे. बर्गेन सोशल मीडिया ॲडिक्शन स्केल ही सहा प्रश्नांची श्रेणी जगभर वापरली जाते. तिच्या सहाव्या प्रश्नाचा आशय असा, की सोशल मीडियामुळे तुमच्या कामावर किंवा अभ्यासावर वाईट परिणाम झाला, असं गेल्या वर्षभरात किती वेळा घडलं? अभ्यास बिघडल्याची कबुली इथे ‘व्यसना’च्या गुणांतच मोजली गेली. मग या गुणांचा अभ्यासाच्या ताणाशी संबंध दिसला तर तो काही अंशी आपणच आत पेरलेला असतो. ‘अतिवापर म्हणजे ज्याने त्रास होतो तो वापर’ अशी व्याख्या केली, की ‘अतिवापराने त्रास होतो’ हे विधान कधीच खोटं ठरू शकत नाही. पडताळता न येणारा प्रश्न बहुधा असाच तयार होतो. दिसायला तो अगदी शास्त्रीय असतो, पण त्याचं उत्तर व्याख्येतच लिहिलेलं असतं.

दुसरा शब्द ताण. प्रकल्पांमध्ये सर्रास दिसणारी श्रेणी म्हणजे शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 साली मांडलेली पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल. ती उत्तम आहे, पण तिचे प्रश्न गेल्या महिन्याभराबद्दल असतात. महिन्याभरात घरचं आजारपण, पैशांची ओढाताण, भांडणं असं सगळं येतं. मंगळवारच्या पेपरनंतर फोन पाहिल्याने मंगळवारी संध्याकाळी काय झालं, हे ती सांगू शकणार नाही. चार्ल्स स्पीलबर्गर यांची टेस्ट अँग्झायटी इन्व्हेंटरी परीक्षेबद्दलच विचारते, पण तीही माणसाला एरवी परीक्षेच्या वेळी कसं वाटतं ते मोजते. मुळात काळजी करणारा स्वभाव असणं वेगळं आणि आत्ता या घटकेला काळजी वाटणं वेगळं. हा भेद स्पीलबर्गर यांनीच ठसवला. आपल्याला दुसरी गोष्ट हवी आहे. त्यासाठी त्यांच्याच स्थिती-चिंतेच्या श्रेणीची सहा विधानांची छोटी आवृत्ती 1992 पासून उपलब्ध आहे. मी शांत आहे, मला ताणल्यासारखं वाटतंय, मला काळजी वाटतेय अशी ही विधानं. प्रत्येकाला एक ते चार गुण, म्हणजे एकूण सहा ते चोवीस. भरायला दोनेक मिनिटं लागतात, म्हणून परीक्षेच्या दिवसांत मुलांना त्याचा जाच होत नाही. मराठीत वापरायची तर भाषांतर करून, दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करवून अर्थ ढळला नाही ना, एवढं आधी पाहावं लागतं.

तिसरा शब्द परिणाम. माझ्या मते सर्वांत जास्त प्रकल्प इथे अडकतात. एकदाच प्रश्नावली भरून घेतली आणि फोन जास्त पाहणाऱ्यांत चिंता जास्त निघाली, तर त्याचे निदान तीन अर्थ होतात. फोनने चिंता वाढली असेल. चिंता वाटली म्हणून मूल फोनकडे वळलं असेल. किंवा पेपरच अवघड गेला आणि त्यामुळे दोन्ही घडलं असेल. या तिघांत निवड करण्याची सोय प्रश्नातच ठेवलेली नसेल, तर ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकात वापरायचा आपल्याला अधिकार नाही, ‘संबंध’ म्हणून थांबावं लागतं.

आपल्या कृतीपुरती मात्र ही सोय करता येते. वेगवेगळ्या मुलांची तुलना करण्याऐवजी त्याच मुलाच्या दोन प्रकारच्या संध्याकाळींची तुलना करायची. एक ग्रुपवर उत्तरं पाहिली ती संध्याकाळ, दुसरी पाहिली नाहीत ती. मुलाचा स्वभाव, घर, कॉलेज दोन्ही वेळा तेच राहतं. राहता राहिला पेपर कसा गेला हा मुद्दा. त्यासाठी पेपर सुटल्याबरोबर, फोन हातात घेण्याआधी, सहा विधानं आणि ‘पेपर कसा गेला?’ हा एक प्रश्न भरून घ्यायचा. रात्री नऊला तीच सहा विधानं पुन्हा. आता प्रश्न असा होतो :

‘बारावीच्या सराव परीक्षेत, पेपरनंतर ग्रुपवर उत्तरं ताडून पाहिली त्या दिवशी, त्याच विद्यार्थ्याच्या न पाहिलेल्या दिवसांच्या तुलनेत, पेपर सुटल्यापासून रात्रीपर्यंत चिंतेचे गुण अधिक वाढतात (किंवा कमी उतरतात) का?’

समजा चाळीस विद्यार्थी आणि प्रत्येकी पाच पेपर घेतले, तर दोनशे संध्याकाळी मिळतात. त्यातली जी मुलं दर वेळी उत्तरं पाहतात किंवा कधीच पाहत नाहीत, ती या तुलनेत काहीच भर घालत नाहीत, कारण त्यांच्याकडे दुसऱ्या प्रकारची संध्याकाळच नसते. चाळिसातली पंचवीस अशी निघाली तर उरलेल्या पंधरांवर मदार राहते. म्हणून हा आकडा आधी अंदाजून विद्यार्थी जास्त घ्यावे लागतात. आणखी पुढे जायचं असेल तर कोणत्या पेपरांनंतर रात्री नऊपर्यंत ग्रुप उघडायचा नाही, हे प्रत्येक मुलासाठी चिठ्ठी टाकून ठरवता येतं. चिठ्ठीने ठरलं की पेपर अवघड जाण्याचा आणि फोन पाहण्याचा दुवा तुटतो आणि ‘परिणाम’ हा शब्द हक्काने वापरता येतो. हे सराव परीक्षेतच करावं. बोर्डाच्या पेपरांच्या काळात मुलांवर असा प्रयोग करणं मला मान्य नाही. बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात, त्यामुळे पालकांची लेखी परवानगी आणि मुलांची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात.

चिठ्ठीशिवाय, नुसतं आधी आणि नंतर मोजून चालेल का? 2018 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट आणि सहकाऱ्यांनी एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहा मिनिटांवर आणायला सांगितलं. दुसऱ्या गटाने वापर नेहमीसारखाच ठेवला. तीन आठवड्यांत मर्यादा पाळणाऱ्यांचा एकटेपणा आणि नैराश्य दुसऱ्या गटाच्या तुलनेत कमी झालं. चिंता मात्र दोन्ही गटांत उतरली. दुसरा गट नसता तर चिंता कमी होण्याचं श्रेय मर्यादेलाच गेलं असतं. संशोधकांनी सुचवलं, की आपल्या वापराकडे लक्ष ठेवण्यानेच कदाचित चिंता उतरली असावी. आपल्या अभ्यासातही रोज फॉर्म भरल्याने हेच होऊ शकतं. पण फॉर्म दोन्ही प्रकारच्या संध्याकाळी भरला जातो, त्यामुळे तुलना बिघडत नाही.

माहिती गोळा करण्याआधी आणखी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवायची : काय दिसलं तर मी चुकले असं मानेन? अठरा गुणांच्या पट्ट्यात अर्ध्या गुणाचा फरक आला तर त्याला अर्थ आहे का? समजा आपण ठरवलं, की सरासरी दीड गुणापेक्षा कमी फरक असेल तर ‘उत्तरं पाहिल्याने लक्षणीय चिंता वाढते’ हे म्हणणं मागे घ्यायचं. आकडे पाहिल्यावर ही रेघ ओढली तर ती नेहमी आपल्या सोयीच्या जागीच पडते.

मग आठ-दहा मुलांवर छोटी चाचणी घ्यायची. तिथे कदाचित कळेल, की बरीच मुलं उत्तरं ग्रुपवर ताडतच नाहीत, ती कॉलेजच्या गेटवर, रिक्षात, क्लासच्या जिन्यात तोंडी ताडतात आणि घरी पोचेपर्यंत ‘कितीचे सुटले’ हे ठरलेलं असतं. तसं असेल तर ‘न पाहिलेली संध्याकाळ’ खरं तर न पाहिलेली नव्हतीच. फॉर्मात एक रकाना वाढवावा लागेल : उत्तरं ताडली का, आणि कुठे, समोरासमोर की फोनवर. त्याने प्रश्न पुन्हा बदलतो, आणि माझ्या दृष्टीने जास्त मोलाचा होतो. आता आपण विचारू शकतो, की तीच उत्तरं गेटवर चार मैत्रिणींत ताडली आणि साठ जणांच्या ग्रुपवर ताडली, तर रात्रीच्या चिंतेत फरक पडतो का. फरक पडला नाही, तर चिंता उत्तरं ताडण्याने येते, फोन केवळ त्याची एक जागा आहे, असं मानायला आधार मिळेल. फरक पडला, तर ग्रुपमध्ये असं काय आहे जे गेटवर नाही, हा पुढच्या प्रकल्पाचा विषय.