नक्कल, उसनं कथानक आणि चोरी : सीमारेषा कुठे?

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारलं, "सर, अमक्या लेखकाच्या शैलीत लिहा, असं तुम्हीच सांगता. मग आम्ही तसं लिहिलं की चोरी कशी होते?" प्रश्न रास्त आहे. आज त्याचाच विचार करू.

एक उदाहरण घेऊ. बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन' हे नाटक 1913 साली रंगभूमीवर आलं. मुळात पिग्मॅलियनची कथा शॉ यांची नव्हे, ती जुनी ग्रीक दंतकथा. पुढे पु. ल. देशपांडे यांनी त्या नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिलं, आणि ते रूपांतर म्हणूनच ओळखलं गेलं. म्हणजे उसनवारी दोघांचीही. पण ती उघड होती.

आता समजा, एका विद्यार्थ्याने 'स्वतःची कथा' म्हणून दादरच्या गजरेवालीची गोष्ट दिली. एक प्राध्यापक तिला शुद्ध बोलायला शिकवतो. एवढ्यावर आम्ही हरकत घेणार नाही. गुरू-शिष्येचा हा साचा सगळ्यांचाच आहे. पण मग सहा महिन्यांची पैज येते. पहिल्या परीक्षेत मुलगी उच्चार अचूक करते, पण भलत्याच विषयावर बोलते. शेवटी पैज जिंकल्यावर तिच्याकडे कुणी बघतच नाही आणि ती चपला फेकून मारते. इथे साचा संपला. हे प्रसंग, आणि तेही याच क्रमाने, शॉ यांचे आहेत. वाक्य एकही जुळत नाही, म्हणून वाक्यं जुळवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला यात काही सापडणार नाही.

मग ओळखायचं कसं? दोन्ही कथांमधल्या घटना दहा-दहा ओळींत शेजारी शेजारी लिहा. जुळणाऱ्या प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारा: अशा विषयावर लिहिताना ही कुणालाही सहज सुचली असती का? शिकवणी सुचेल, चपला सुचणार नाहीत. मात्र यातून साम्य कळतं, हेतू नाही. कधी वाचलेलं नकळतही उतरतं. त्यामुळे निर्णयाआधी आम्ही कच्चे खर्डे मागवतो आणि विद्यार्थ्याशी बोलतो.

फॅन फिक्शनचं याच्या उलट असतं. तिथे पात्रं कुणाची हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे फसवणूक नसते. नावं बदलून तीच कथा 'माझी' म्हणून वर्गात दिली, की गोष्ट बदलते.

"पण शॉ तर 1950 साली गेले, कॉपीराइट संपला ना?" असंही कुणी म्हणेल. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, तेव्हा संपला हे खरं. त्यामुळे परवानगी लागणार नाही. श्रेय मात्र तरीही द्यावं लागतं, कारण वर्गात प्रश्न मालकीचा नसतो, काम कुणी केलं याचा असतो.

म्हणून आम्ही कथेखाली दोन ओळी लिहायला सांगतो: काय कुठून घेतलं, आणि माझं काय. दुसरी ओळ लिहिताना पेन अडलं, तर कथा अजून आपली झालेली नाही, असं समजा.