रांग घाटात नको, पायथ्याशी हवी

चौक गावातले एक घर डोळ्यांपुढे आणू. केबलवाल्याने दिलेले फायबरचे कनेक्शन, प्लॅन 40 एमबीपीएसचा. रात्रीचे नऊ वाजलेत. मुलगी पुण्यातल्या क्लासच्या ऑनलाइन तासाला बसली आहे, धाकटा भाऊ मोबाइलवर गेम खेळतो आहे. एवढ्यात लग्नाहून परतलेल्या मामांचा फोन घरच्या वायफायला जोडला जातो आणि त्यातले दीड जीबीचे व्हिडिओ आपोआप बॅकअपला लागतात. पुढची वीस मिनिटे सरांचा आवाज तुटत राहतो आणि गेममधला खेळाडू बटण दाबल्यावर सेकंदभराने उडी मारतो. केबलवाल्याला फोन केला, तर तो सांगतो, ‘स्पीड पूर्ण येतोय, मोठा प्लॅन घ्या.’

त्याचे पहिले वाक्य खरे असते. त्रास वेगाचा नसतो, खोळंब्याचा असतो.

या घराचा अपलोडचा वेग 10 एमबीपीएस आहे असे धरू. घराबाहेर पडणारा डेटा छोट्या-छोट्या पॅकेटांतून जातो आणि लाइन मोकळी नसेल, तर पॅकेटे भिंतीवरच्या फायबरच्या डब्यात किंवा राउटरमध्ये रांग लावतात. या रांगेच्या जागेला बफर म्हणतात. समजा, तिथे एक एमबी साठते. एक एमबी म्हणजे 80 लाख बिट. सेकंदाला एक कोटी बिट या गतीने ते बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतो. बॅकअप सुरू होताच ही जागा साडेसहाशेहून अधिक मोठ्या पॅकेटांनी भरते. गेमचे शंभर बाइटचे इवलेसे पॅकेट आले की त्या सगळ्यांच्या मागे उभे राहते. एरवी 15 मिलिसेकंदांत येणारे उत्तर आता 800 मिलिसेकंदांनी येते. आवाजाच्या संभाषणात एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. ती मर्यादा इथे कितीतरी मागे पडते.

मग ही रांग ओसरत का नाही? इंटरनेटवर फाइल पाठवणारा संगणक हळूहळू वेग वाढवत नेतो आणि पॅकेट हरवले की वाट भरली असे समजून हात आखडता घेतो. 1986 मध्ये तेव्हाचे छोटे इंटरनेट गर्दीने कोलमडले, त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली ही शिस्त घालून दिली. पण पुढे मेमरी स्वस्त झाली आणि उपकरणे बनवणाऱ्यांनी मोठमोठे बफर बसवले. पॅकेट हरवू नये हा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की बफर काठोकाठ भरेपर्यंत पाठवणाऱ्याला गर्दीची खबरच लागत नाही. तो पाठवत राहतो आणि रांग कायम भरलेली राहते.

2010 मध्ये जिम गेटिस हे अमेरिकी अभियंते घरातून मोठ्या फाइल पाठवत होते, तेव्हा उत्तर यायला सेकंदाहून अधिक वेळ लागत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी पाठपुरावा केला आणि या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. डेव्ह टाट यांच्यासोबत त्यांनी त्यावर उपाय शोधणारा खुला प्रकल्प उभा केला. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांगेत किती पॅकेटे आहेत हे ती मोजत नाही. प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते. हे थांबणे सलग 100 मिलिसेकंद पाच मिलिसेकंदांच्या वर राहिले, की कोडेल एखादे पॅकेट टाकून देते आणि पाठवणाऱ्याला वेळेवर इशारा मिळतो. त्याच वर्षी एरिक द्युमाझे यांनी त्याला वेगवेगळ्या रांगांची जोड दिली. त्यामुळे बॅकअपची रांग वेगळी, गेमची वेगळी, आणि दोघांना पाळीपाळीने वाट. याच घराण्यातली पुढची पद्धत म्हणजे ‘केक’. ती 2018 मध्ये लिनक्सच्या 4.19 आवृत्तीत आली आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या फोनला समान वाटा देण्याची सोयही तिच्यात आहे.

ताबा आपल्याकडे घ्यायचा

ही पद्धत राउटरमध्ये घातली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. रांग जिथे लागते, तिथेच तिची शिस्त चालते. आणि आपल्या घराची रांग फायबरच्या डब्यात किंवा केबलवाल्याच्या यंत्रात लागते. तिथे आपला हात पोहोचत नाही. सुट्टीच्या दिवशी बोरघाट तुंबला की महामार्ग पोलीस अवजड वाहने घाटाखालीच रोखून धरतात, कारण घाटाच्या चढणीवर अडकलेला ट्रक कोणालाच बाजूला घेता येत नाही. राउटरनेही तेच करायचे असते. लाइन 10 एमबीपीएसची असेल, तर राउटरने 9 एमबीपीएसच बाहेर सोडायचे. मग पुढच्या डब्यातला बफर भरतच नाही, रांग राउटरमध्ये लागते आणि तिथे ‘केक’ तिला हाताळतो. दहावा हिस्सा वेग सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात थांबणे काही मिलिसेकंदांवर आणायचे, असा हा सौदा आहे. या व्यवस्थेला स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, थोडक्यात एसक्यूएम, म्हणतात.

बहुतेक स्वस्त राउटरांच्या मूळ फर्मवेअरमध्ये ही सोय नसते. तिथे कामाला येते ‘ओपनडब्ल्यूआरटी’. लिंक्सिस कंपनीने आपल्या डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स कोड 2003 मध्ये खुला केला. त्यातून 2004 मध्ये हा प्रकल्प जन्मला. आज तो शेकडो प्रकारच्या राउटरांवर मोफत चालतो.

राउटरच्या पोटाखालचे लेबल

सर्वांत जास्त माणसे फसतात ती मॉडेलच्या नावापाशी. टीपी-लिंकचा आर्चर सी6 भारतात खूप विकला गेला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तिसरीत मीडियाटेकची. खोक्यावरचे नाव एकच. आवृत्तीचा आकडा राउटरच्या तळाशी लेबलवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरणांच्या यादीत तोच आकडा सापडला, तरच पुढे जावे. एकीची फाइल दुसरीत घातली तर राउटर निकामी होऊ शकतो. राउटरमध्ये किमान 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅम हवी; 16 आणि 128 असेल तर निभाव चांगला लागतो.

केबलवाल्याचा फायबरचा डबा तसाच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या मागे आपला राउटर जोडायचा आणि बदल त्यातच करायचा. आधी केबलवाल्याकडून पीपीपीओईचे युजरनेम-पासवर्ड लिहून घ्यावेत. मग लॅपटॉप वायरने राउटरला जोडून मूळ फर्मवेअरच्या अपग्रेडच्या पानावरून नावात `factory` असलेली फाइल चढवावी. `sysupgrade` नावाची फाइल नंतरच्या नव्या आवृत्त्यांसाठी असते. ही दोन-चार मिनिटे वीज जाता कामा नये. खालापूर-कर्जतकडे पावसाळ्यात हा भरवसा नसतो, त्यामुळे राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्यावेत. वीज गेलीच तर बऱ्याच राउटरांना परत उठवण्याची युक्ती असते, ती त्या मॉडेलच्या पानावर आधीच वाचून ठेवावी. वॉरंटी मात्र गेली असे धरून चालावे.

राउटर पुन्हा सुरू झाला की वायफाय बंद दिसते. तो बिघाड नव्हे, ओपनडब्ल्यूआरटी मुळात तसेच येते. ब्राउजरमध्ये `192.168.1.1` उघडून पासवर्ड ठेवावा, पीपीपीओई भरावे, वायफाय सुरू करावे आणि `luci-app-sqm` हे पॅकेज बसवावे.

आकडे भरण्याआधी मोजणी

एसक्यूएम बंद ठेवून, वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर, दुपारी आणि रात्री असा दोनदा वेग मोजावा. आपल्या घरात रात्री 40 आणि 10 आले, तर त्यांचे नव्वद टक्के म्हणजे 36 आणि 9. सेटिंगच्या फाइलमध्ये ते किलोबिटमध्ये असे बसतात:

```
config queue 'wan'
	option enabled '1'
	option interface 'pppoe-wan'
	option download '36000'
	option upload '9000'
	option qdisc 'cake'
	option script 'piece_of_cake.qos'
	option linklayer 'ethernet'
	option overhead '44'
```

हेच `Network` मेनूतल्या `SQM QoS` या पानावरूनही भरता येते. शेवटचा 44 हा आकडा प्रत्येक पॅकेटवर चढणाऱ्या वेष्टनाचे वजन सांगतो. नेमके वजन माहीत नसेल तेव्हा हा आकडा सुरक्षित.

आता परीक्षा. एका खिडकीत `ping 8.8.8.8`, विंडोजवर `ping -t 8.8.8.8`, चालू ठेवून दुसरीकडे मोठी फाइल अपलोड करावी. आधी 15 वरून 800 वर जाणारा आकडा आता 20-30 च्या आसपास राहिला, तर काम फत्ते. तो अजूनही शंभरापलीकडे जात असेल, तर अपलोडचा आकडा 9000 वरून 8500, मग 8000 असा उतरवत जावा. पिंग स्थिर राहतो तो सर्वांत वरचा आकडा आपला. काहीच फरक पडला नाही, तर दोन गोष्टी तपासाव्यात: इंटरफेस चुकीचा निवडला आहे का आणि हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू आहे का. ती सोय चालू असली की पॅकेटे आडवाटेने निघून जातात आणि ‘केक’ला ती दिसतच नाहीत.

जिथे हा उपाय थकतो

पॅकेटे मोजून सोडणे हे राउटरच्या प्रोसेसरचे काम आहे आणि छोट्या राउटरची त्यात दमछाक होते. आर्चर सी6 च्या दर्जाचा राउटर शंभर-दीडशे एमबीपीएस आरामात पेलतो. 500 एमबीपीएसच्या प्लॅनला दणकट प्रोसेसर हवा.

मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या 5जीच्या घरगुती कनेक्शनला वेगळीच अडचण आहे. तिथे वेग मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे ठरावीक 36 आणि 9 लिहून भागत नाही. ‘केक-ऑटोरेट’ नावाची स्क्रिप्ट पिंगवर नजर ठेवून आकडे आपोआप वर-खाली करते, पण ती नीट बसवायला चिकाटी लागते. भिंतीपलीकडच्या खोलीतला अशक्त वायफाय सिग्नलही एसक्यूएमने सुधारत नाही, म्हणूनच सगळी मोजणी वायरने करायची.

आणि दुखणे केबलवाल्याकडे असेल, तर घरचा राउटर हतबल असतो. हे ओळखणे सोपे आहे. रात्री घरातली सगळी उपकरणे बंद करून एकट्या लॅपटॉपवरून पिंग पाहावा. तेव्हाही तो शंभर-दोनशे येत असेल, तर गर्दी गावाच्या लाइनवर आहे. छोट्या केबलवाल्यांसाठीही ‘लिब्रेक्यूओएस’ ही मोफत व्यवस्था उपलब्ध आहे. ती हाच ‘केक’ वापरून प्रत्येक ग्राहकाची रांग वेगळी ठेवते. पिंगचा स्क्रीनशॉट दाखवून तिच्याविषयी केबलवाल्याशी बोलता येते.

म्हणून फर्मवेअरला हात घालण्याआधी ती दोन खिडक्यांची परीक्षा मूळ राउटरवरच करून पाहावी. अपलोड चालू असताना पिंग वीस-तीस मिलिसेकंदांहून जास्त वाढत नसेल, तर राउटर आहे तसाच राहू द्यावा. शेकड्यांनी वाढत असेल, तर मोठ्या प्लॅनचे पैसे भरण्यापूर्वी एसक्यूएम लावून पाहावे.