धूर जनरेटरचा, भार भट्टीचा

इंग्रजी शाश्वतता अहवालातला ‘स्कोप’ म्हणजे कार्बन कोणत्या खात्यात मांडायचा, याची वाटणी. समजा, एका फाउंड्रीच्या जनरेटरने महिन्यात 1,000 लिटर डिझेल जाळले. लिटरमागे सुमारे 2.7 किलो धरले, तर 2.7 टन कार्बन डायऑक्साइड. हा स्कोप 1. इंडक्शन भट्टीने ग्रिडची 1 लाख युनिट वीज घेतली. युनिटमागे साधारण 0.7 किलोने 70 टन. धूर वीजकेंद्रात निघतो, म्हणून स्कोप 2. विकत घेतलेले पिग आयर्न आणि ठेकेदाराचे ट्रक स्कोप 3 मध्ये जातात.

‘मटेरियालिटी’ विचारते, यातले काय निर्णय बदलण्याइतके मोठे आहे? इथे भट्टीची वीज नक्कीच. पिग आयर्नचा आकडा पुरवठादाराकडून मागवावा लागतो, म्हणून तो गाळला जातो. पण मिळायला अवघड म्हणजे किरकोळ नव्हे.